‘साधारण’ म्हणता येते, ‘धोका’ म्हणता येत नाही : नाव न घेता केलेल्या तुलनेची मर्यादा

नवी दिल्ली : प्रतिस्पर्ध्याचे नाव घेतले नाही की जाहिरातीतील तुलना आपोआप निर्दोष ठरते, असा समज व्यापारी वर्तुळात बराच रूढ आहे. दिल्ली उच्च न्यायालयात च्यवनप्राशच्या जाहिरातींवरून उभा राहिलेला वाद हा समज किती अपुरा आहे ते दाखवतो. या वादात एकाच उत्पादनाच्या एकाच प्रकारच्या प्रचारातील तीन वेगवेगळ्या शब्दयोजना न्यायालयासमोर आल्या आणि तिन्हींचे भवितव्य वेगळे ठरले. एका ओळीतील एक शब्द राहिला, त्याच ओळीतील एक आकडा गेला आणि पुढच्या जाहिरातीतील एका शब्दाने संपूर्ण जाहिरातच मागे घ्यावी लागली. तुलना करणारी ओळ कशी लिहावी आणि ती कुठे घसरते, हे समजून घेण्यासाठी इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

वादाची पार्श्वभूमी अशी : पतंजली आयुर्वेदने आपल्या ‘स्पेशल च्यवनप्राश’ची दूरचित्रवाणीवरील आणि वृत्तपत्रांतील जाहिरात सुरू केली. तिच्याविरुद्ध डाबर इंडियाने डिसेंबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. जाहिरातीत डाबरचे नाव कोठेही नव्हते. वृत्तपत्रातील ओळीचा आशय मात्र असा होता की, 40 औषधी वनस्पतींपासून बनवलेल्या साधारण च्यवनप्राशवर समाधान का मानावे? दूरचित्रवाणीवरील जाहिरातीत आणखी एक विधान होते. ज्यांना आयुर्वेदाचे आणि वेदांचे ज्ञान नाही, ते प्राचीन परंपरेतील अस्सल च्यवनप्राश कसे बनवू शकतील, असा तिचा रोख होता.

डाबरचा आक्षेप दोन मुद्द्यांवर उभा होता. पहिला मुद्दा ओळखीचा होता. डाबरच्या च्यवनप्राशच्या जाहिरातींत आणि वेष्टनावर 40 हून अधिक औषधी घटकांचा उल्लेख दीर्घकाळ होत आला आहे. बाजारपेठेतील आपला वाटा 60 टक्क्यांहून अधिक आहे, असेही या कंपनीने न्यायालयात सांगितले. अशा स्थितीत ‘40’ हा आकडा वाचताच ग्राहकाच्या डोळ्यांसमोर कोणती बाटली येते, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. दुसरा मुद्दा सत्यतेचा होता. च्यवनप्राश हे कोणा एका कंपनीने शोधलेले मिश्रण नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या पहिल्या अनुसूचीत नोंदलेल्या प्रमाणभूत आयुर्वेदिक ग्रंथांतील कृतीनुसार ते तयार करावे लागते आणि त्यासाठी परवाना घ्यावा लागतो. जो उत्पादक ग्रंथोक्त कृती पाळतो त्याचे उत्पादन च्यवनप्राशच असते. त्यामुळे इतरांना ज्ञान नाही किंवा इतरांचे उत्पादन अस्सल नाही, असे सूचित करणे वस्तुस्थितीला धरून होत नाही.

न्यायमूर्ती मिनी पुष्करणा यांनी 3 जुलै 2025 रोजी डाबरच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. जाहिरात पूर्णपणे बंद न करता त्यातील आक्षेपार्ह विधाने काढून ती दाखवण्यास मुभा देण्यात आली. वगळायच्या मजकुरात 40 औषधींच्या साधारण च्यवनप्राशबद्दलची ओळही होती आणि ज्ञानाविषयीचे विधानही होते.

पतंजलीने या आदेशाविरुद्ध अपील केले. न्यायमूर्ती सी. हरि शंकर आणि न्यायमूर्ती ओम प्रकाश शुक्ला यांच्या खंडपीठाने सप्टेंबर 2025 मध्ये आदेशात महत्त्वाचा बदल केला. ‘40 औषधींपासून बनवलेल्या’ हा भाग काढून टाकला तर ‘साधारण च्यवनप्राशवर समाधान का मानावे’ असे म्हणण्यास हरकत नाही, अशी मुभा देण्यात आली. वाक्यातील एक छोटा विशेषण-समूह गेला आणि उरलेले वाक्य टिकले.

त्यानंतर थोड्याच काळात पतंजलीची दुसरी जाहिरात वादात आली. बहुतेक लोक च्यवनप्राशच्या नावाखाली धोका खात आहेत, असा तिचा आशय होता. इथेही कोणाचे नाव नव्हते. तरीही न्यायमूर्ती तेजस करिया यांनी नोव्हेंबर 2025 मध्ये ही जाहिरात तीन दिवसांत सर्व माध्यमांतून हटवण्याचा अंतरिम आदेश दिला. हिंदीतील ‘धोखा’ या शब्दात फसवणुकीचा आरोप आहे. कायद्याने मान्य केलेल्या कृतीनुसार औषध बनवणाऱ्या सर्वच उत्पादकांवर हा आरोप लागू करणे म्हणजे त्या संपूर्ण वर्गाची नालस्ती ठरते, अशी न्यायालयाची भूमिका होती.

हे सर्व आदेश अंतरिम स्वरूपाचे आहेत. म्हणजे दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत दोन्ही बाजूंनी कसे वागावे, एवढेच त्यांतून ठरते. तरीही या तीन शब्दयोजनांमध्ये तुलनेच्या तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. ‘साधारण’ हे मत आहे. ‘40 औषधींचे’ हा निर्देश आहे. ‘धोका’ हा आरोप आहे.

मत, निर्देश आणि आरोप

‘साधारण’, ‘खास’, ‘अधिक चांगले’, ‘चवदार’ अशा शब्दांना मोजपट्टी नसते. ‘आमचा चहा मन प्रसन्न करतो’ हे वाक्य ग्राहक प्रयोगशाळेच्या अहवालासारखे वाचत नाही. विक्रेता आपल्या मालाची स्तुती करणारच, हे त्याला ठाऊक असते. भारतीय न्यायालयांनी अशा स्तुतीला सवलत दिली आहे. ‘उजाला’ या निळीच्या जाहिरातीवरून 1999 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात चाललेल्या प्रकरणात ही सवलत ठळकपणे मांडली गेली. व्यापाऱ्याने आपला माल उत्तम आहे, इतरांपेक्षा सरस आहे असे म्हणावे, त्यासाठी तुलनाही करावी; परंतु इतरांचा माल वाईट आहे असे म्हणू नये, हे त्या निकालाचे सार होते.

ही सवलत पुढे थोडी आखडली. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये टाटा प्रेस प्रकरणात जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले होते, परंतु दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ते लाभत नाही, असेही स्पष्ट केले होते. त्याच आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2010 मध्ये डाबर विरुद्ध कलरटेक या प्रकरणात सूत्र मांडले की, जाहिरात खोटी, दिशाभूल करणारी, अनुचित किंवा फसवी असता कामा नये. मधला एक धूसर पट्टा राहतो. त्यातील विधाने वस्तुस्थितीचे गंभीर कथन नसून आपल्या मालाचा गौरव असतात, एवढे न्यायालयाने मान्य केले. ‘साधारण च्यवनप्राश’ हा शब्द या धूसर पट्ट्यात टिकला.

‘40’ हा आकडा मात्र त्या पट्ट्यात बसत नाही. आकडा मोजता येतो, म्हणून तो वस्तुस्थितीचे कथन ठरतो. शिवाय तो ठरावीक उत्पादनाकडे बोट दाखवतो. कोणी नाव घेतले नाही तरी आकडा, रंग, आकार, घोषवाक्याची लकब यांपैकी काहीही हे काम करू शकते. दिल्ली आणि गुरुग्राममधील मॉलमध्ये झालेल्या एका प्रचारमोहिमेवरून उद्भवलेल्या वादात हे फार ठसठशीतपणे दिसले. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या पॉन्ड्स सुपर लाइट जेलची तुलना तेथे विक्री प्रतिनिधी एका निळ्या डबीतील क्रीमशी करत होते. डबीवर निव्हियाचे नाव नव्हते. तथापि निळ्या डबीतील क्रीम म्हटले की ग्राहकाला कोणते उत्पादन आठवते, हा प्रश्न उरतोच. दिल्ली उच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये निव्हियाच्या मालक कंपनीच्या बाजूने अंतरिम मनाई दिली.

तिसरी पायरी आरोपाची आहे आणि तेथे ओळख पटण्याचा प्रश्नच गौण ठरतो. च्यवनप्राशच्याच इतिहासात याचे जुने उदाहरण आहे. इमामी कंपनीच्या अमृतप्राशच्या जाहिरातीत उन्हाळ्यात च्यवनप्राश विसरून अमृतप्राश खाण्याचा सल्ला होता. कोणत्याही कंपनीचे नाव नव्हते. डाबरने आक्षेप घेतला आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2004 मध्ये तो मान्य केला. एखाद्या उत्पादनाच्या संपूर्ण वर्गालाच नावे ठेवली तर त्या वर्गातील प्रत्येक उत्पादकाला, आणि त्यातही सर्वांत मोठ्या उत्पादकाला, दाद मागता येते, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. दोन दशकांनंतरच्या ‘धोका’ प्रकरणामागेही हाच विचार आहे.

बाजारपेठेची रचना इथे निर्णायक ठरते. पन्नास लहान उत्पादक असलेल्या बाजारात ‘इतर’ हा शब्द खरोखरच मोघम राहतो. एकाच कंपनीकडे अर्ध्याहून अधिक बाजार असेल तर ‘इतर’, ‘नेहमीचे’, ‘तुम्ही आजवर वापरत आलेले’ हे सर्व शब्द त्याच कंपनीचे टोपणनाव होऊन बसतात. म्हणून एक ओळ एका उत्पादनासाठी निर्धोक असते आणि तीच ओळ दुसऱ्या उत्पादनासाठी दाव्याचे कारण होते.

दोष दुसऱ्याचा की गुण आपला

डाबर विरुद्ध कलरटेक प्रकरणाचा निकाल तुलना करणाऱ्यांच्या बाजूने लागला, म्हणून त्याकडे अधिक बारकाईने पाहणे उपयोगाचे आहे. वाद डास पळवणाऱ्या क्रीमचा होता. डाबरचे ओडोमॉस बाजारात आघाडीवर होते आणि गुड नाइट नॅचरल्स हे नवे क्रीम तुळस, लव्हेंडर आणि दुधातील प्रथिने यांसारख्या घटकांवर भर देत होते. डास पळवणाऱ्या क्रीमने त्वचेला त्रास होण्याची ग्राहकाची भीती जाहिरातीत सूचित होती. खंडपीठाने ही जाहिरात रोखली नाही. जाहिरात आपल्या उत्पादनाच्या घटकांचे आणि गुणांचे वर्णन करते, दुसऱ्याच्या उत्पादनाची खिल्ली उडवत नाही, हा विचार त्यामागे होता.

यातून लेखनाचा एक सोपा निकष मिळतो. वाक्याचा कर्ता कोण आहे, हे पाहावे. ‘आमच्या क्रीममध्ये तुळस आहे’ या वाक्यात कर्तेपण आपल्या मालाकडे आहे. ‘इतर क्रीम त्वचेला त्रास देतात’ या वाक्यात ते दुसऱ्याकडे गेले आहे. पहिले वाक्य सिद्ध करण्यासाठी आपल्या कारखान्यातील नोंद पुरते. दुसरे सिद्ध करायचे तर बाजारातील प्रत्येक क्रीमची चाचणी घ्यावी लागेल, कारण ‘इतर’ या शब्दाने प्रत्येकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे.

खरा फरक चुकीच्या शब्दाने मांडल्यासही तुलना कोसळते. मुंबई उच्च न्यायालयात 2017 मध्ये आलेले आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्टचे प्रकरण याचे बोलके उदाहरण आहे. आइस्क्रीममध्ये दुधाचे स्निग्धांश असतात आणि फ्रोझन डेझर्टमध्ये वनस्पतिजन्य स्निग्धांश वापरता येतात, हा फरक नियमांनीच मान्य केलेला आहे. तो ग्राहकाला सांगण्यात गैर काहीच नाही. अमूलच्या जाहिरातीत मात्र फ्रोझन डेझर्टच्या संदर्भात ‘वनस्पती’चा उल्लेख होता. घरोघरी या शब्दाचा अर्थ हायड्रोजनेटेड तूप असा घेतला जातो. ‘वनस्पतिजन्य तेल’ आणि ‘वनस्पती तूप’ यांत जे अंतर आहे, त्याच अंतरावर हा वाद उभा राहिला. हिंदुस्तान युनिलिव्हरच्या तक्रारीवरून जाहिरातीला मनाई झाली आणि 2018 मध्ये खंडपीठानेही ती कायम ठेवली.

नियमांची चौकट

न्यायालयाबाहेर दोन यंत्रणा अशा ओळींकडे पाहतात. पहिली म्हणजे भारतीय जाहिरात मानक परिषद. 1985 मध्ये स्थापन झालेली ही जाहिरात क्षेत्राची स्वयंनियामक संस्था आहे. तिच्या संहितेतील चौथा अध्याय तुलनेवर आहे आणि तो तुलनेला परवानगी देऊनच सुरू होतो. अटी मात्र आहेत. आपल्या उत्पादनाच्या कोणत्या पैलूची तुलना दुसऱ्याच्या कोणत्या पैलूशी होत आहे, ते स्पष्ट असावे. तुलनेचा विषय अशा रीतीने निवडू नये की आपल्याला कृत्रिम लाभ मिळेल. तुलना वस्तुनिष्ठ, अचूक आणि पुराव्याने सिद्ध करता येण्याजोगी असावी. ग्राहकाची दिशाभूल होऊ नये. प्रत्यक्ष किंवा सूचकपणे दुसऱ्याच्या मालाची अनुचित निंदा नसावी.

दुसरी यंत्रणा म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली स्थापन झालेले केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची त्याची मार्गदर्शक तत्त्वे 9 जून 2022 पासून लागू आहेत. दिशाभूल सिद्ध झाल्यास प्राधिकरण उत्पादकाला किंवा उत्पादनाची शिफारस करणाऱ्या व्यक्तीला 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुढील प्रत्येक उल्लंघनासाठी 50 लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

बारीक अक्षरातील तळटीप लिहून मोठ्या अक्षरातील दावा सावरता येतो, असे मानणाऱ्यांसाठी या तत्त्वांमध्ये स्पष्ट तरतूद आहे. खुलाशाचे काम दाव्याचा विस्तार करणे किंवा त्यातील संदिग्धता दूर करणे एवढेच आहे. मुख्य दाव्याशी विसंगत असलेली माहिती त्यात दडवता येत नाही. खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा लागतो. म्हणजे दावा मराठीत आणि अट इंग्रजीत, ही सोय उरलेली नाही. दावा स्वतंत्र संशोधनावर आधारित असल्याचे म्हटले असेल तर त्या संशोधनाचा स्रोत आणि दिनांक द्यावा लागतो.

एका ओळीची घडण

हे सर्व प्रत्यक्ष लेखनात कसे उतरते, ते एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. समजा, नोएडातील एक लघुउद्योजक दुहेरी भिंतीच्या पोलादी बाटल्या बनवतो. दोन भिंतींमधील हवा काढून टाकलेली असल्याने आतील द्रवाची उष्णता बाहेर जाण्यास वेळ लागतो. त्याला बाटलीच्या चित्राखाली छापण्यासाठी तुलनेची एक ओळ हवी आहे.

पहिला मसुदा बहुधा असा असतो : ‘इतर बाटल्यांत चहा तासाभरात थंड, आमच्या बाटलीत दिवसभर गरम.’ ओळ चटकदार आहे, पण तिच्यात तीन दोष आहेत. ‘इतर बाटल्यां’मध्ये तितक्याच चांगल्या बाटल्या बनवणारे प्रतिस्पर्धीही येतात आणि त्यांच्याबाबत हे विधान खोटे आहे. ‘गरम’ म्हणजे किती अंश, हे ठाऊक नाही. ‘दिवसभर’ म्हणजे आठ तास की चोवीस, हेही ठाऊक नाही. म्हणजे अर्धे वाक्य खोटे आहे आणि उरलेले तपासता येत नाही.

दुसरा मसुदा सावध होण्याचा प्रयत्न करतो : ‘बाजारातील सर्वांत जास्त काळ गरम ठेवणारी बाटली.’ यात कोणाची निंदा नाही. परंतु ‘सर्वांत’ हा शब्द सिद्ध करण्यासाठी बाजारातील प्रत्येक बाटली विकत घेऊन तपासावी लागेल. शिवाय उद्या एखादी नवी बाटली बाजारात आली की आज खरा असलेला दावा खोटा होईल. काळावर मोजला जाणारा गुण सांगताना ‘सर्वांत’ हा शब्द मताच्या पट्ट्यात राहत नाही. तो आकड्याच्या प्रांतात जातो.

तिसऱ्या मसुद्याआधी उद्योजकाने दोन गोष्टी ठरवायला हव्यात. पहिली गोष्ट, तुलना कोणाशी. त्याच्या ग्राहकांपैकी बरेच जण आजवर एकेरी भिंतीची साधी पोलादी बाटली वापरत असतील तर तुलनेचा तो प्रकार न्याय्य आहे, कारण ग्राहकासमोरची निवडच तशी आहे. एकेरी भिंतीच्या बाटलीत पोकळी नसते, ही गोष्ट त्या प्रकारातील प्रत्येक बाटलीबाबत खरी आहे. तिच्यामुळे उष्णता लवकर जाते, हेही प्रत्येकीबाबत खरे आहे. याउलट ग्राहक दोन दुहेरी भिंतीच्या बाटल्यांमधून निवड करत असेल तर एकेरी भिंतीला प्रतिस्पर्धी म्हणून उभे करणे म्हणजे संहितेत वर्ज्य ठरवलेला कृत्रिम लाभ उठवणे होय. दुसरी गोष्ट, मोजमाप कोणत्या स्थितीत. पाणी किती, सुरुवातीचे तापमान किती, खोलीचे तापमान किती, झाकण बंद होते का आणि वाचन किती तासांनी घेतले, यांतील प्रत्येक उत्तराने आकडा बदलतो. अर्धी भरलेली बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा लवकर थंड होते. दिल्लीच्या जानेवारीतील आणि मेमधील खोलीही सारखी नसते.

समजा, 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या खोलीत एक लिटरच्या दोन्ही प्रकारच्या बाटल्या 95 अंशांच्या पाण्याने भरून, झाकण लावून ठेवल्या आणि सहा तासांनी त्याच्या बाटलीत 72 अंश, तर एकेरी भिंतीच्या बाटलीत 29 अंश आढळले. आता ओळ अशी होऊ शकते : ‘दुहेरी भिंत, मध्ये पोकळी. 95 अंशांचे पाणी सहा तासांनी 72 अंश. एकेरी भिंतीच्या बाटलीत पोकळी नसल्याने ते लवकर निवते.’ त्याच भाषेत, त्याच बाजूला, वाचता येईल अशा अक्षरात खुलासा येईल : ‘एक लिटर, झाकण बंद, खोलीचे तापमान 25 अंश.’

या ओळीत दुसऱ्या प्रकाराचा 29 हा आकडा मुद्दाम घेतलेला नाही. तपासलेली एकेरी भिंतीची बाटली एका ठरावीक जाडीची आणि आकाराची होती. दुसऱ्या उत्पादकाच्या बाटलीत तो आकडा 31 किंवा 28 असू शकतो. आपल्या मालाविषयी आकडा द्यावा आणि पर्यायाविषयी कारण सांगावे, असा हा मार्ग आहे. आकडा आपल्या नोंदवहीतून सिद्ध होतो आणि कारण त्या प्रकारातील सर्वांना सारखेच लागू पडते. ‘निवते’ या शब्दातही निंदा नाही. ते वर्णन आहे. त्या जागी ‘निकामी’ किंवा ‘कुचकामी’ आला असता तर तेच वाक्य आरोपाच्या पायरीवर गेले असते. एकेरी भिंतीची बाटली वजनाला हलकी आणि किमतीला कमी असते. ज्याला केवळ पिण्याचे पाणी न्यायचे आहे त्याच्यासाठी ती योग्यच आहे.

ओळीसोबतचे चित्रही तुलनेचाच भाग असते. शेजारी काढलेली एकेरी बाटली एखाद्या प्रसिद्ध कंपनीच्या झाकणाच्या आकाराची किंवा रंगाची असेल तर शब्दांतील सावधगिरी वाया जाते. पेप्सी आणि कोका-कोला यांच्यातील प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2003 मध्ये सांगितले होते की, जाहिरातीचा हेतू, तिची मांडणी आणि तिच्यातून उमटणारा एकूण संदेश हे तिन्ही पाहावे लागतात आणि त्यांतही मांडणीला महत्त्व आहे. शब्द सभ्य असूनही अभिनेत्याने नाक मुरडले तर निंदा घडते.

घसरण कशी ओळखावी

छपाईपूर्वी ओळ पारखण्यासाठी जाणकार तीन प्रश्न विचारतात. ओळ वाचून त्या बाजारातील नेहमीच्या ग्राहकाला एखाद्या कंपनीचे नाव सुचते का? सुचत असेल तर आकडा, रंग किंवा विशेषण यांपैकी कशाने ते सुचले, ते शोधून काढून टाकावे. च्यवनप्राशच्या ओळीतून ‘40’ गेला तो याच न्यायाने. दुसरा प्रश्न, पर्यायाविषयीचा भाग पूर्णपणे झाकला तर उरलेल्या वाक्यातून ग्राहकाला आपल्या मालाविषयी काही कळते का? काहीच कळत नसेल तर ती तुलना नसून केवळ दुसऱ्याविषयीची तक्रार आहे. तिसरा प्रश्न, ओळीतील प्रत्येक मोजता येण्याजोग्या शब्दासमोर प्रसिद्धीपूर्वीचा दिनांक असलेला कागद ठेवता येतो का? तक्रार आल्यानंतर केलेली चाचणी ‘दावा करताना आधार होता’ हे सिद्ध करू शकत नाही.

तिसऱ्या प्रश्नाला एक पुरवणी आहे. कागद जपून ठेवला तरी माल बदलू शकतो. पोलादाचा पुरवठादार बदलला, झाकणातील रबर बदलले किंवा पोकळी काढण्याची प्रक्रिया सैल झाली की 72 अंशांचा आकडा जुना होतो आणि ओळ मात्र पुढच्या हजारो खोक्यांवर छापली जात राहते. तुलनेच्या ओळी अशा रीतीने न बदलताही खोट्या होतात. म्हणून चाचणी उत्पादनाच्या तुकडीशी जोडणे आणि कृतीत बदल झाला की ओळ पुन्हा तपासणे आवश्यक ठरते.

एवढी काळजी घेऊनही दावा होणारच नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही. ‘साधारण’ हा एकच शब्द जुलैमध्ये एकल पीठाने वगळायला लावला आणि सप्टेंबरमध्ये खंडपीठाने राहू दिला, यावरून धूसर पट्टा किती धूसर आहे ते कळते. मात्र या संपूर्ण वादात एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वादाबाहेर राहिली. आपल्या च्यवनप्राशमध्ये काय आहे, हे सांगण्याच्या पतंजलीच्या हक्कावर कोणत्याही टप्प्यावर सरसकट बंदी आली नाही. कात्री चालली ती दुसऱ्यांच्या च्यवनप्राशविषयी केलेल्या विधानांवर.